इंग्रजी शब्द कोणता बदलायचा, कोणता ठेवायचा : शेतीपंपाच्या विजेवरचा एक लेख तपासताना

प्रश्न : ताई, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं संपादन यंदा माझ्याकडे आलं आहे. बोअरवेल आणि शेतीपंपांची वीज या विषयावर एका शेतकरी लेखकाचा चांगला लेख आलाय, पण ओळीओळीला इंग्रजी शब्द आहेत. समितीतले ज्येष्ठ म्हणतात, एकही इंग्रजी शब्द राहता कामा नये. लेखक म्हणतो, आम्ही असंच बोलतो, हात लावू नका. अंकाची भाषा औपचारिक असते आणि तो कोल्हापूर-पुण्यापर्यंत जातो. कोणते शब्द बदलायचे आणि कोणते ठेवायचे, हे ठरवायचं कसं?

उत्तर :

आधी तो शब्द वाक्यात काय काम करतो ते बघा. क्रियापद, विशेषण किंवा क्रियाविशेषण म्हणून आलेला इंग्रजी शब्द जवळजवळ नेहमी जातो. ‘सँक्शन करणे’, ‘मेन’, ‘टोटल’, ‘जनरली’ यांना मराठी शब्द शोधावा लागत नाही, तो लेखकाच्या तोंडातच असतो. वस्तूचं नाव म्हणून आलेला शब्द बहुधा राहतो, कारण वस्तू आली तेव्हा नाव घेऊनच आली. या दोन्हींच्या मधली जी नामं आहेत, म्हणजे ‘प्रॉब्लेम’, ‘करंट’, ‘लोड’, ‘सप्लाय’ यांसारखी, तिथे संपादकाचं खरं काम असतं. वेळ तिथे घालवायचा.

तुमच्या लेखाच्या विषयावरचा, नेहमी येतो तसा एक परिच्छेद मी रचून घेते :

“आमच्या एरियातल्या फार्मर्सचा मेन प्रॉब्लेम म्हणजे करंट. बोअरवेल्सना थ्री फेज सप्लाय नाइटला मिळतो आणि व्होल्टेज इतकं लो असतं की मोटार लोड घेत नाही. व्होल्टेज ड्रॉप झालं की मोटार जास्त करंट खेचते आणि वाइंडिंग जळतं. ट्रान्सफॉर्मर फेल झाला की हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसला कम्प्लेंट करायची, पण रिप्लेस व्हायला दहा दिवस लागतात. गंगा कल्याणमध्ये सँक्शन झालेल्या बोअरवेल्सची कनेक्शन्स डिले होतात. याबद्दल डेप्युटी कमिशनरना मेमोरँडम सबमिट केलं.”

यातले एरिया, फार्मर्स, मेन, नाइट, लो, ड्रॉप, कम्प्लेंट, रिप्लेस, सँक्शन, डिले, मेमोरँडम, सबमिट हे शब्द विचार न करता काढायचे. भाग, शेतकरी, मुख्य, रात्र, कमी, उतरणे, तक्रार, बदलणे, मंजूर, उशीर, निवेदन, देणे. लेखकाची हरकत असेल तर त्याला एवढंच विचारा की घरी आईशी बोलताना तो ‘फार्मर’ म्हणतो का. हे शब्द त्याच्या बोलीतले नसतात. लिहायला बसल्यावर भारदस्तपणासाठी ते आलेले असतात. त्याची बोली जपण्याचा मुद्दा खरा आहे, पण तो ‘मोटार लोड घेत नाही’ आणि ‘करंट खेचते’ यांसारख्या ठिकाणी लागू होतो.

आता ‘करंट’. हा शब्द या परिच्छेदात दोनदा आला आहे आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या वाक्यात करंट म्हणजे वीजपुरवठा. आपल्याकडे ‘करंट गेला’ म्हणतात, कोल्हापूरकडे तेच ‘लाईट गेली’ होतं. तिसऱ्या वाक्यात करंट म्हणजे तारेतून वाहणारा, अँपिअरमध्ये मोजला जाणारा विद्युतप्रवाह. लेखात पुढे कुठेतरी ‘स्टार्टरला हात लागला आणि करंट बसला’ असं नक्की येईल, तिथे त्याचा अर्थ विजेचा धक्का. एकच शब्द तीन अर्थांनी वापरला आहे. कोशात पाहून सगळीकडे ‘विद्युतप्रवाह’ घातलं तर ‘शेतकऱ्यांची मुख्य अडचण म्हणजे विद्युतप्रवाह’ असं निरर्थक वाक्य तयार होतं. म्हणून पहिल्या ठिकाणी वीजपुरवठा, दुसऱ्या ठिकाणी विद्युतप्रवाह आणि तिसऱ्या ठिकाणी धक्का. तिसऱ्या वाक्यात ‘जास्त करंट खेचते’ तसंच ठेवलं तरी मी आक्षेप घेणार नाही, कारण मोटार दुरुस्त करणारा माणूस नेमकं तेच म्हणतो. मात्र ठेवायचं असेल तर पहिल्या वाक्यातला करंट गेलाच पाहिजे. एका लेखात एका शब्दाला एकच अर्थ उरला पाहिजे.

‘प्रॉब्लेम’चंही असंच आहे. समस्या, अडचण, बिघाड, तक्रार, गैरसोय हे सगळे अर्थ तो एकटा वाहतो. ‘मोटारचा प्रॉब्लेम’ म्हणजे बिघाड, ‘पाण्याचा प्रॉब्लेम’ म्हणजे टंचाई, ‘ऑफिसचा प्रॉब्लेम’ म्हणजे दिरंगाई. सगळीकडे ‘समस्या’ घातली तर लेख सरकारी पत्रकासारखा वाचला जातो आणि लेखकाला काय म्हणायचं होतं ते कळत नाही.

यातून एक उपयोगाची गोष्ट हाती लागते. मोघम इंग्रजी शब्दामागे बऱ्याचदा न सांगितलेली माहिती असते. ‘ट्रान्सफॉर्मर फेल झाला’ हे वाक्य घ्या. तो जळाला? त्यातलं तेल गळालं? की फक्त खांबावरचा फ्यूज उडाला, ज्याला आपल्याकडे ‘डीओ पडला’ म्हणतात? फ्यूज उडाला असेल तर लाइनमन येऊन बसवून जातो. ट्रान्सफॉर्मर जळाला असेल तर तो उतरवून दुसरा आणावा लागतो, म्हणून दहा दिवस. लेखात दहा दिवसांची तक्रार आहे, त्यावरून ‘जळाला’ हेच असणार असा अंदाज बांधता येतो. पण संपादकाने अंदाजावर शब्द बसवायचा नाही, समासात लेखकाला विचारायचं : “फेल म्हणजे जळाला का?” असे प्रश्न लेखाला चार-पाच तरी निघतात. हे काम झाल्यावर लेखकाचा ‘हात लावू नका’ हा हट्ट बहुधा मावळतो, कारण आपला मजकूर कुणीतरी समजून वाचतंय हे त्याला दिसतं.

‘व्होल्टेज’चा निर्णय थोडा अवघड आहे. वर्तमानपत्रांनी ‘कमी दाबाचा वीजपुरवठा’ आणि ‘उच्चदाब वाहिनी’ हे प्रयोग रुळवले आहेत, ते चांगले आहेत. पण बोअरवेलवरचा लेख पुढे ठिबक सिंचनाकडे वळला, तर तिथे पाण्याचा दाब येणार. दोन परिच्छेदांत दोन वेगळे दाब आले की वाचक अडखळतो. अशा लेखात दोन मार्ग आहेत. एक तर विजेसाठी प्रत्येक वेळी ‘विद्युतदाब’ लिहायचं आणि नुसता ‘दाब’ पाण्यासाठी राखायचा. नाहीतर व्होल्टेज ठेवायचं. लेखात पाण्याचा दाब येत नसेल तर मी नुसता ‘दाब’ पसंत करेन. म्हणजे निर्णय शब्दाच्या जातीवर ठरत नाही, त्या लेखात शेजारी कोणते शब्द आहेत त्यावर ठरतो. तोच शब्द एका लेखात बदलणं बरोबर आणि दुसऱ्यात चूक असू शकतं. समितीतल्या ज्येष्ठांना हे सांगायला हरकत नाही.

‘थ्री फेज’ राहू द्या. ‘त्रिकला’ हा शब्द पाठ्यपुस्तकात शोभतो, शेताच्या बांधावर तो कुणी ओळखणार नाही. ‘वाइंडिंग’सुद्धा ठेवा. ‘लोड’ला ‘भार’ चालतो, भारनियमन या शब्दाने तो सगळ्यांच्या ओळखीचा केला आहे. पण ‘मोटार भार घेत नाही’ हे वाक्य तुमच्या लेखकाला मोठ्याने वाचून दाखवा. त्याला ते कानाला बरं वाटलं तर ठेवा, नाहीतर ‘मोटार पाणी ओढत नाही’ असं परिणामाच्या भाषेत सांगता येतं. दिवाळी अंकाच्या वाचकाला तेवढं पुरतं.

‘बोअरवेल’साठी मराठीत दोन शब्द चालतात : कूपनलिका आणि विंधन विहीर. महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत विंधन विहीर जास्त दिसते, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत कूपनलिका. तंत्रदृष्ट्या दोन्ही एक नाहीत. कठीण खडकात छिद्र पाडून, फक्त वरच्या ढासळत्या थरापुरती केसिंगची नळी घातली की ती विंधन विहीर. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत वरपासून खालपर्यंत नळी आणि पाण्याच्या थराशी जाळीची नळी बसवली की ती कूपनलिका. आपल्या भागातलं बहुतेक खोदकाम खडकातलं, म्हणजे काटेकोरपणे बोलायचं तर विंधन विहिरीचं. भूजलाच्या अभ्यासकाचा लेख असता तर मी हा फरक पाळला असता. तुमच्या लेखात विषय विजेचा आहे, आणि इथला वाचक कूपनलिका म्हटलं की बोअरच समजतो, पुण्याचा वाचकही समजतो. म्हणून कूपनलिका घ्या आणि पहिल्या उल्लेखात ‘कूपनलिका, म्हणजे बोअरवेल’ असं एकदा लिहा. नंतर पुन्हा खुलासा नको. फक्त लेखात उघडी विहीरही येत असेल तर तिला नुसतं ‘विहीर’ न म्हणता एकदा ‘उघडी विहीर’ म्हणा, म्हणजे गोंधळ उरणार नाही.

‘ट्रान्सफॉर्मर’ला ‘रोहित्र’ हा शब्द आहे आणि महाराष्ट्रातल्या बातम्यांत तो रोज छापून येतो. तरीही या अंकात मी ट्रान्सफॉर्मर ठेवेन. पर्यायी शब्द टिकेल की नाही याची माझी कसोटी साधी आहे. त्या धंद्यातल्या, मराठी वाचणाऱ्या एका माणसाला वाक्य वाचायला द्यायचं. तो न थांबता पुढे गेला तर शब्द पास. पहिल्यांदा थांबला आणि दुसऱ्यांदा थांबला नाही, तरीही पास, फक्त पहिल्या उल्लेखात खुलासा द्यायचा. प्रत्येक वेळी तो मनात इंग्रजी करून घेत असेल, ‘रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर ना?’ असं पुन्हापुन्हा विचारत असेल, तर शब्द त्याच्यासाठी मराठी झालेला नाही. आपल्याकडे लोक ‘टीसी जळाला’ म्हणतात. ट्रान्सफॉर्मर हाच त्यांच्यासाठी औपचारिक शब्द आहे. हाच लेख सांगलीच्या मासिकात असता तर मी रोहित्राला आनंदाने जागा दिली असती.

शब्द मराठीत किती मुरला आहे हे ओळखायची आणखी एक खूण व्याकरणात सापडते. त्याचं अनेकवचन आणि सामान्यरूप मराठी पद्धतीने होतं का ते बघायचं. मोटार, मोटारी, मोटारीला. बँक, बँका, बँकेत. फाईल, फायली. टेबल, टेबलावर. असे शब्द घरचे झाले, त्यांना ‘विद्युतचलित्र’ वगैरे करून घराबाहेर काढू नये. याउलट ‘कनेक्शन’ पाहा. त्याचं अनेकवचन करताना लेखकाला ‘कनेक्शन्स’ लिहावं लागलं, म्हणजे इंग्रजी प्रत्यय उसना घ्यावा लागला. शिवाय ‘वीजजोडणी’ तयार आहे, जोडण्या, जोडणीसाठी असं ती सहज चालते. ही खूण निर्णायक नाही, पण शंका असेल तिथे कौल देते. एक नियम मात्र मी अपवादाशिवाय पाळते : शब्द इंग्रजी राहिला तरी त्याचं अनेकवचन इंग्रजी राहत नाही. बोअरवेल्स, पंपसेट्स, फीडर्स कधीच नाही. ‘दोन फीडर’, ‘सगळे पंपसेट’ म्हटलं की काम होतं.

आता सीमाभागाची खास अडचण, आणि इथे मी सगळ्यात जास्त सावध असते. सरकारी शब्द बदलताना भाषेची चूक होत नाही, तपशिलाची होते. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे कोश उत्तम आहेत, shabdakosh.marathi.gov.in वर ते पाहताही येतात. पण ते महाराष्ट्राच्या कारभारासाठी केलेले आहेत, आणि आपण राहतो कर्नाटकात.

तुमच्या लेखातले ‘डेप्युटी कमिशनर’ घ्या. सरळ भाषांतर ‘उपायुक्त’. पण कर्नाटकात डेप्युटी कमिशनर म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी, आपले डीसी, आणि मराठीत त्यांना जिल्हाधिकारी म्हणतात. उपायुक्त लिहिलंत तर पुण्याच्या वाचकाला वाटेल की निवेदन महापालिकेच्या एखाद्या अधिकाऱ्याला दिलं. बेळगावचा वाचकही चकेल, कारण इथे महापालिकेत उपायुक्त आहेत आणि शहर पोलिसांतही आहेत. तसंच ‘असिस्टंट कमिशनर’चं ‘सहायक आयुक्त’ करू नका, महसुलातल्या या अधिकाऱ्याला आपल्याकडे प्रांताधिकारी म्हणण्याची पद्धत आहे आणि ती दोन्हीकडे समजते.

‘डिपार्टमेंट’साठी महाराष्ट्रात आता ‘विभाग’ लिहितात. आपल्याकडे ‘खाते’ हा शब्द जिवंत आहे : महसूल खाते, वनखाते, शिक्षण खाते. इथे खातेच ठेवा. ‘विभाग’ म्हटलं की बेळगाव महसूल विभाग किंवा वीज कंपनीचा विभाग-उपविभाग असा वेगळा अर्थ निघतो, आणि विजेवरच्या लेखात तो निघणारच. ‘झेडपी’चं तर कधीही ‘जिल्हा परिषद’ करू नका. कर्नाटकात जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायत आहेत, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती नाहीत. ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला कर्नाटकात अध्यक्ष म्हणतात. ‘प्रेसिडेंट’ काढून कुणी ‘सरपंच’ घातलं तर शब्द मराठी होईल आणि माहिती चुकेल. ‘पीडीओ’ म्हणजे ग्रामपंचायत विकास अधिकारी, त्यांचा ‘ग्रामसेवक’ होत नाही.

वीजजोडणीच्या अर्जाची कागदपत्रं सांगताना लेखकाने ‘आरटीसी’ लिहिलं असणार. तिथे हात आपोआप ‘सातबारा’कडे जातो. थांबवा. सातबारा हे महाराष्ट्रातल्या नमुन्यांच्या क्रमांकांवरून पडलेलं नाव आहे, कर्नाटकातला कागद वेगळ्या नमुन्याचा आहे आणि कन्नडमध्ये त्याला पहाणी म्हणतात. ‘जमिनीचा उतारा’ लिहा. तो शब्द इथेही चालतो, तिकडेही चालतो आणि खोटं काही सांगत नाही. वाचकाला हा कागद कचेरीत मागावा लागणार असेल तर ‘उतारा, म्हणजे इथला आरटीसी’ असा एकदा खुलासा द्या. उपयोगाच्या लेखात खिडकीवर बोलायचा शब्द वाचकाला मिळाला पाहिजे. त्याच कारणासाठी ‘सेक्शन ऑफिस’ मी ठेवते. पाटीवर, पावतीवर आणि लाइनमनच्या तोंडी तेच नाव आहे. हेस्कॉम हे आपल्याकडच्या वीज कंपनीचं नाव, त्याला धक्का लावायचा नाही. गंगा कल्याण, कुसुम, निरंतर ज्योती ही योजनांची नावंही जशी आहेत तशीच ठेवायची. फक्त पुण्याच्या वाचकासाठी एकेका ओळीचा परिचय द्या. उदाहरणार्थ, निरंतर ज्योती म्हणजे खेड्यातल्या घरांचा आणि शेतीपंपांचा फीडर वेगळा करण्याची कर्नाटकाची योजना. हे सांगितलं नाही, तर ‘घरात वीज आहे पण पंपाला नाही’ ही तक्रार त्याला समजणार नाही. तसंच दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना कर्नाटकात वीज मोफत आहे, हेही त्याला ठाऊक नसतं. आणि हो, ‘एचपी’साठी अश्वशक्ती जरूर वापरा, तो शब्द छान रुळला आहे.

इंग्रजी काढताना हिंदी किंवा कन्नड वळणाचं संस्कृत आत येतं, त्याकडेही लक्ष ठेवा. सप्लायला ‘आपूर्ती’, कन्झ्युमरला ‘उपभोक्ता’, रजिस्ट्रेशनला ‘पंजीकरण’ असे शब्द आजकाल बिनदिक्कत येतात. मराठीत पुरवठा, ग्राहक, नोंदणी आहेत. कन्नड माध्यमात शिकलेल्या लेखकाकडून ‘उपन्यास’ व्याख्यान या अर्थाने येतो, ‘संभावना’ मानधन या अर्थाने येते. शब्द ओळखीचे दिसतात म्हणून नजर पुढे सरकते आणि अर्थ भलताच छापला जातो. अशा वेळी ‘लेक्चर’ ठेवलेलं परवडलं.

एवढं सगळं करून, आणि ‘फेल म्हणजे जळाला’ असं लेखकाने सांगितलं आहे व कूपनलिकेचा खुलासा आधी येऊन गेला आहे असं धरून, परिच्छेद असा होतो :

“आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची मुख्य अडचण वीजपुरवठ्याची आहे. कूपनलिकांवरच्या मोटारींना थ्री फेज वीज रात्री मिळते, आणि दाब इतका कमी असतो की मोटार पाणी ओढत नाही. दाब उतरला की तीच मोटार जास्त विद्युतप्रवाह खेचते आणि वाइंडिंग जळते. ट्रान्सफॉर्मर जळाला, तर हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात तक्रार नोंदवायची आणि दुसरा बसेपर्यंत दहा दिवस वाट पाहायची. गंगा कल्याण योजनेत मंजूर झालेल्या कूपनलिकांनाही वीजजोडणी वेळेवर मिळत नाही. याबद्दल आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले.”

थ्री फेज, मोटार, वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, हेस्कॉम, सेक्शन ऑफिस राहिले. बाकीचे गेले. ‘तक्रार नोंदवायची’ आणि ‘वाट पाहायची’ ही लेखकाची लय मुद्दाम ठेवली आहे. शब्द बदलताना वाक्य पुन्हा बांधावं लागलं, हेही लक्षात आलं असेल. ‘कनेक्शन्स डिले होतात’चं ‘जोडण्या विलंबित होतात’ केलं असतं तर प्रत्येक शब्द मराठी असूनही वाक्य मराठी झालं नसतं. ‘हेस्कॉमद्वारे वीजपुरवठा केला जातो’ हे त्यातलंच. ‘हेस्कॉम वीज पुरवते’ म्हणावं. असं वाक्य दिसलं की शब्दांना डागडुजी न करता ते बाजूला ठेवायचं आणि लेखकाला काय म्हणायचंय ते नव्याने लिहायचं.

लेखात कुणा शेतकऱ्याचं बोलणं अवतरणात असेल तर तिथे काहीही बदलू नका. तो ‘करंट नाही तर काय करणार?’ म्हणाला असेल, तर छापायचं तेच. औपचारिकता निवेदनाची असते, बोलणाऱ्या माणसाची नव्हे. एवढीच काळजी घ्या की अवतरण खरंच त्याचं आहे, लेखकाने स्वतःचं इंग्रजी त्याच्या तोंडी घातलेलं नाही.

कामाचा क्रम म्हणाल तर पहिलं वाचन पेन्सिलीने, फक्त खुणा करत. एकही शब्द तेव्हा बदलायचा नाही, कारण ‘दाब’सारखे निर्णय पूर्ण लेख वाचल्याशिवाय घेता येत नाहीत. मग एका कागदावर शब्द, त्याचा त्या-त्या ठिकाणचा अर्थ आणि निर्णय असं मांडायचं. जे शब्द ठेवले त्यांचं लेखनही तिथेच ठरवून टाकायचं : ट्रान्सफॉर्मर की ट्रान्स्फॉर्मर, मोटार की मोटर, लाइनमन की लाईनमन. आणि लिंगही, कारण आपल्या भागात ‘लाईट आला’ आणि ‘लाईट आली’ दोन्ही ऐकू येतं. हा कागद अंकाच्या बाकी लेखांनाही लागतो. त्यानंतर लेखकाला विचारायचे प्रश्न, त्याची उत्तरं, आणि मग बदल.

बदल संगणकावर ‘शोधा आणि बदला’ने एका फटक्यात करू नका. ‘लोड’चा ‘भार’ केला की कुठेतरी ‘ओव्हरभार’ उगवतो, ‘लाइन’ची ‘वाहिनी’ केली की ‘ऑनलाइन’ अर्जाचा ‘ऑनवाहिनी’ अर्ज होतो आणि ‘लाइनमन’चा ‘वाहिनीमन’. शिवाय मराठीत शब्द प्रत्यय लागून येतो. ‘कूपनलिका’ घातलं तरी मागचा प्रत्यय जुनाच राहतो, आणि ‘बोअरवेलला’चं ‘कूपनलिकाला’ होतं, ‘कूपनलिकेला’ होत नाही. म्हणून शोधायचं संगणकाने आणि बदलायचं हाताने, एकेक जागा वाचून. मथळा, चौकटी आणि छायाचित्रांच्या ओळी यांत हे शोधणं विसरलं जातं. तुमच्या लेखात ट्रान्सफॉर्मरचं छायाचित्र असेलच, त्याखालची ओळ मजकूर जुळवणाऱ्याने वेगळीच टाइप केलेली असते, ती शेवटच्या प्रुफात स्वतः पाहा.